सुपरमून: १४ टक्के मोठा, पण कोणापेक्षा?

रेवती_कोथरूड
६ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९.१०

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस एकच मेसेज फिरत होता. "५ नोव्हेंबरला वर्षातला सर्वांत मोठा चंद्र, नेहमीपेक्षा १४ टक्के मोठा आणि ३० टक्के तेजस्वी, चुकवू नका." त्यात काल त्रिपुरी पौर्णिमा, त्यामुळे गच्ची भरली होती. चंद्र सुरेख होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला तो कोजागिरीला दिसला होता तेवढाच वाटला. शेजारच्या काकूंना मात्र उगवताना "डबल" वाटला, आणि त्या ठाम आहेत.

आता आमच्यापैकी कोणी डोळे तपासून घ्यायचे? आणि ते १४ टक्के खरे आहेत की कोणीतरी ठोकून दिलेत?

बाजीराव_रोड
सकाळी ९.३२

ठोकूनच दिलेत. चंद्र सरासरी ३,८४,००० किमीवर असतो, काल ३,५७,००० वर होता. भागाकार करा, सात-आठ टक्के येतात. बातमी सजवायला कोणीतरी दुप्पट केली आणि सगळ्यांनी पुढे ढकलली. मुळात सुपरमून हा शब्दच खगोलवाल्यांचा नाही. १९७९ साली रिचर्ड नोल नावाच्या अमेरिकन ज्योतिषाने काढलाय. भविष्य सांगणारा ज्योतिषी, बरं का.

अन्नपूर्णा
सकाळी ९.५०

याचे वेध कधी लागले होते? आमच्या सुनेला सातवा महिना आहे. काल ती तासभर गॅलरीत उभी होती, मला आज कळलं. काही पाळायला हवं होतं का?

निळूभाऊ
सकाळी ९.५८

अन्नपूर्णाताई, ते ग्रहण. ते ७ सप्टेंबरला होऊन गेलं. काल फक्त पौर्णिमा होती, रोजच्यापेक्षा जरा जवळची. वेधबिध काही नसतात, सुनेला खुशाल चंद्र बघू द्या.

ध्रुवमत्स्य
सकाळी १०.४०

बाजीरावसाहेब, भागाकार बरोबर आहे आणि नोलचंही बरोबर आहे, पण १४ हा आकडा थाप नाही. तो वेगळ्या चंद्राशी केलेल्या तुलनेतून येतो.

काल चंद्र पूर्ण झाला संध्याकाळी ६.४९ ला. तेव्हा तो पृथ्वीच्या केंद्रापासून ३,५७,००० किमीच्या किंचित आत होता. पृथ्वीपासून सर्वांत जवळच्या जागी, म्हणजे उपभू बिंदूवर, तो आज पहाटे चारच्या सुमारास पोचला. पौर्णिमा आणि उपभू यांच्यात फक्त नऊ तासांचं अंतर पडलं, म्हणून ही वर्षातली सर्वांत जवळची पौर्णिमा. सर्वांत लांबची झाली हनुमान जयंतीला, १२ एप्रिलच्या रात्री. तेव्हा चंद्र साधारण ४,०६,००० किमीवर होता. ४०६ ला ३५७ ने भागा, १.१३७ येतात. मेसेजातले १४ टक्के ते हेच. व्यास एवढा वाढला की तबकडीचं क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने वाढतं, म्हणून प्रकाश ३० टक्के जास्त. दोन्ही आकडे खरे आहेत, पण हनुमान जयंतीच्या चंद्राच्या तुलनेत. मेसेज लिहिणाऱ्याने तिथे "नेहमीपेक्षा" हा शब्द घातला आणि सगळा घोळ झाला.

रेवती, तुम्ही तुलना करताय कोजागिरीशी. ६ ऑक्टोबरच्या रात्री चंद्र ३,६२,००० किमीच्या आसपास होता. त्याच्यापेक्षा कालचा मोठा होता जेमतेम दीड टक्क्याने. एवढा फरक कोणालाही दिसत नाही. तुमचे डोळे ठीक आहेत.

रेवती_कोथरूड
सकाळी १०.५५

म्हणजे जो फरक खरा आहे तो बघायला मला सात महिन्यांपूर्वीचा चंद्र डोळ्यांपुढे हवा! पण समजा दोन्ही शेजारी ठेवता आले असते, तर दिसला असता का?

ध्रुवमत्स्य
सकाळी ११.२०

शेजारी ठेवले तर नक्की. घरच्या घरी बघा. २०११ साली जी नाणी आली त्यातलं एक रुपयाचं २२ मिलिमीटरचं आहे आणि दोन रुपयांचं २५. गुणोत्तर जवळजवळ तेच, १.१४. टेबलावर शेजारी ठेवलीत तर लहान-मोठं चटकन कळेल. आता हे दोनचं नाणं कोणाला तरी अडीच मीटरवर धरायला सांगा. तिथून ते कालच्या चंद्राएवढं दिसतं, आणि त्याच जागी धरलेलं एकचं एप्रिलमधल्या चंद्राएवढं. एकच नाणं, काळ्या पडद्यापुढे, दुसरं शेजारी नसताना आणि मध्ये सात महिने गेले असताना कोणी दाखवलं, तर एकचं की दोनचं हे मी तरी सांगू शकणार नाही.

बाजीराव_रोड
सकाळी ११.३४

आकारावर मान्य. पण ३० टक्के प्रकाश तर कळायला हवा ना? एक दिवा जास्त लावला तर कळतो.

ध्रुवमत्स्य
सकाळी ११.५०

तो दिवा तुमच्या देखत लावला तर कळतो. इथे वाढ महिन्यामहिन्याने झाली आहे आणि डोळ्याची बाहुली आपोआप जुळवून घेते. शिवाय पुण्यातल्या हवेचा हिशोब धरा. क्षितिजाजवळचा चंद्र धूळ आणि धुरकं यांच्या जाड थरातून दिसतो, आणि तिथे त्याचा निम्म्याहून अधिक प्रकाश सहज खाल्ला जातो. दहा वाजता तो वर आला की तोच चंद्र कितीतरी पट उजळ. हे एका संध्याकाळीत घडतं. त्यापुढे ३० टक्क्यांचं काय घेऊन बसलात.

फोकल_लांबी
दुपारी १.०५

माझ्याकडे दोन्ही चंद्र आहेत! १२ एप्रिलची रात्र आणि कालची रात्र, दोन्ही वेळा दहाच्या सुमारास, वेताळ टेकडीच्या पायथ्याच्या आमच्या गच्चीवरून. कॅमेरा तोच, झूम लेन्स दोन्ही वेळा पार टोकाला, म्हणजे ३००वर. आत्ता जेवणाच्या सुट्टीत फोटो उघडून कडेपासून कडेपर्यंत मोजलं. एप्रिलमध्ये ६९८ पिक्सेल, काल ७९७. भागाकार १.१४२.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. फोटो ऑटोवर काढू नका. कॅमेरा काळं आकाश बघून चंद्र जळवून टाकतो, मग त्याच्या कडा फुगतात आणि तुम्ही चंद्राऐवजी चकाकी मोजता. मी आयएसओ १००, छिद्र ८ आणि वेग सेकंदाचा २५०वा भाग ठेवतो. चंद्रावरचे डाग स्वच्छ दिसले तर कड विश्वासाची. दुसरं, झूम मधेच कुठेतरी थांबवू नका. पुढच्या वेळी तीच जागा सापडत नाही, आणि २९० आणि ३०० मधला फरक तुम्ही चंद्राच्या खात्यावर मांडता.

निळूभाऊ
दुपारी १.१४

मोबाइलवर चालेल का?

फोकल_लांबी
दुपारी १.३०

दोन्ही फोटो एकाच फोनवर, एकाच लेन्सने, झूमला हात न लावता काढले तर तत्त्वतः चालेल. पण साध्या लेन्सवर चंद्र चाळीस-पन्नास पिक्सेलचा येतो. त्यात १४ टक्के म्हणजे सहा-सात पिक्सेल, आणि कड ठरवतानाच दोन-तीनची चूक होते. झूम करून काढलात तर फोन स्वतःच्या मनाने चंद्र साफसूफ करून देतो, तो मोजण्यात अर्थ नाही.

बाजीराव_रोड
दुपारी १.४१

ध्रुवमत्स्य, तुमचे १३.७ टक्के आणि यांचे १४.२. आता कोणाचं खरं? :)

ध्रुवमत्स्य
दुपारी २.१५

दोन्ही. आणि फोकल_लांबी, कमाल आहे, सुरेख मोजणी.

मी सांगितलेली अंतरं पृथ्वीच्या केंद्रापासूनची, पंचांगात आणि बातम्यांत तीच असतात. फोटो मात्र पृथ्वीच्या पाठीवरून काढलेला. चंद्र क्षितिजावर असतो तेव्हा आपण त्याच्यापासून जवळपास केंद्राएवढेच लांब असतो. तो डोक्यावर येतो तेव्हा आपण पृथ्वीच्या त्रिज्येएवढे, म्हणजे सहा हजारांवर किलोमीटर, त्याच्याकडे सरकलेले असतो. चंद्र उंच आला की याच कारणाने तो पावणेदोन टक्क्यांपर्यंत मोठा भरतो. एप्रिलमध्ये दहा वाजता तो आकाशात अर्ध्या उंचीवर होता, काल त्याहून बराच वर. तुमच्या जादाच्या अर्ध्या टक्क्यातला मोठा वाटा याचा असावा. उरलेला एक-दोन पिक्सेलच्या मोजणीतला.

आता रेवतींच्या शेजारच्या काकूंकडे येतो. त्यांना डबल वाटला तो उगवताना. त्या वेळचा चंद्र हा त्या रात्रीचा सर्वांत लहान चंद्र होता. मध्यरात्रीच्या सुमारास तो पुण्याच्या जवळजवळ बरोब्बर डोक्यावर आला तेव्हा सर्वांत मोठा, आणि तेव्हा गच्ची बहुधा रिकामी असणार.

रेवती_कोथरूड
दुपारी २.२८

हे काकूंना मी सांगणार नाही, तुम्हीच या चहाला.

पण खरंच, खराडीच्या टॉवरांमागून वर येताना मलाही तो अवाढव्य वाटला होता. मग हा हवेचा परिणाम का? भिंगासारखा?

कसबेकर
दुपारी २.४०

हो, वातावरणाचं भिंगच ते. शाळेत शिकवलंय.

ध्रुवमत्स्य
दुपारी ३.०२

शाळेत शिकवतात खरं, पण तसं नाही. हवेमुळे क्षितिजाजवळचा चंद्र उलट वरून-खालून किंचित दबतो, लंबगोल दिसतो. आडवा व्यास मोठा होत नाही. फोकल_लांबींनी उगवतानाचा आणि मध्यरात्रीचा असे दोन फोटो काढले तर मोठा भरेल तो मध्यरात्रीचा.

अवाढव्य वाटणं हे सगळं आपल्या मेंदूत घडतं, आणि ते कोणत्याही पौर्णिमेला घडतं, एप्रिलच्या लहानग्या चंद्रालाही. त्याची परीक्षा सोपी आहे. फाइलला भोकं पाडायचं पंचिंग मशीन घ्या, कागदाला एक भोक पाडा आणि एक डोळा मिटून, हात पूर्ण लांब करून त्यातून चंद्र बघा. भोक साधारण सहा मिलिमीटरचं असतं, हातभर अंतरावरून चंद्र त्यात जेमतेम मावतो. उगवताना बघा, मग चार तासांनी बघा. भोक दोन्ही वेळा तेवढंच भरतं. पण असं का वाटतं यावर मानसशास्त्रवाल्यांचं अजून एकमत नाही. घरं-झाडं शेजारी असल्यामुळे म्हणणारे आहेत, आणि आकाश आपल्याला चपट्या छतासारखं भासतं त्यामुळे म्हणणारेही आहेत. पण भर समुद्रात, जिथे घरंही नाहीत आणि झाडंही नाहीत, तिथेही क्षितिजावरचा चंद्र मोठाच वाटतो. म्हणून पहिल्या मताने माझं पूर्ण समाधान होत नाही.

दर्यावर्दी
दुपारी ४.२०

पुण्यात बसून तुम्ही पिक्सेल मोजा. आमच्या रत्नागिरीकडे हा चंद्र न बघता कळतो. चुलतभावाची होडी आहे. कोजागिरीपासूनच म्हणत होता की यंदा त्रिपुरीचं उधाण मोठं येणार, होड्या वर ओढून ठेवा. आज सकाळी त्याचा फोन होता, पाणी नेहमीच्या खुणेच्या वर आलं. मग चंद्र जर दीड टक्काच मोठा असेल तर समुद्राला कसं कळतं?

ध्रुवमत्स्य
दुपारी ४.५५

समुद्राचा हिशोब आपल्या डोळ्यापेक्षा फार कडक आहे. दिसणारा व्यास अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, पण भरती आणणारी ओढ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. एप्रिलशी तुलना केली तर व्यास १४ टक्के वाढला, पण चंद्राची ओढ १.१३७ चा घन, म्हणजे जवळजवळ दीडपट झाली. सरासरी अंतराशी तुलना केली तरी सव्वापट. सूर्याची ओढ यात फारशी बदलत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष पाणी दीडपट चढत नाही, पण खुणेच्या वर येण्यापुरतं चढतं. तुमच्या भावाला सुपरमून हा शब्द ठाऊक नसेल, पण ही गोष्ट त्याला आपल्या आधीपासून कळते.

दर्यावर्दी
संध्याकाळी ५.०३

शब्द ठाऊक आहे हो, इन्स्टा तोही बघतो.

मृगशीर्ष
संध्याकाळी ६.१०

धागा आत्ता वाचला. माझा प्रश्न वेगळा आहे. पुस्तकात चंद्राच्या कक्षेची विकेंद्रता, म्हणजे ती किती लांबट आहे त्याचं माप, ०.०५४९ दिलेली असते. सरासरी अंतरावर ती लावली की जवळचं टोक ३,६३,००० येतं आणि लांबचं ४,०५,०००. मग काल ३,५७,००० कुठून आला? सहा हजार किलोमीटरचा फरक ही काही बारीकसारीक चूक नव्हे.

ध्रुवमत्स्य
संध्याकाळी ७.२५

या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न.

चंद्राची कक्षा हा एका जागी ठेवलेला लंबगोल नाही. सूर्य तो सतत ओढत-ताणत असतो. लंबगोलाची लांब बाजू सूर्याच्या दिशेला आली की लंबगोल आणखी लांबट होतो, आणि ती सूर्याशी काटकोनात गेली की जरा गोलाकडे झुकतो. आता बघा, पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका ओळीत असतात. त्याच वेळी चंद्र उपभूजवळ असेल तर कक्षेची लांब बाजू आपोआप सूर्याच्या रेषेत आलेली असते. म्हणजे पौर्णिमा आणि उपभू जुळतात तेव्हाच कक्षा सर्वांत ताणलेली असते, आणि उपभू ३,५६,०००-५७,००० पर्यंत आत येतो. उपभू अष्टमीच्या आसपास पडला तर तो ३,७०,००० च्या घरात राहतो. पुस्तकातली ०.०५४९ ही या सगळ्याची सरासरी. मजा म्हणजे लांबचं टोक एवढं हलत नाही, ते साधारण ४,०४,००० ते ४,०७,००० यांच्यातच राहतं.

त्यामुळे सुपरमूनमध्ये जर काही विशेष असेल तर ते हे आहे. नुसता "लंबगोल कक्षा, म्हणून कधी जवळ कधी लांब" एवढं सांगून गोष्ट पुरी होत नाही.

रेवती_कोथरूड
संध्याकाळी ७.४०

म्हणजे दर वर्षी चैत्रात लांब आणि कार्तिकात जवळ असं असतं का? मला आठवतंय, २०१६ सालीही त्रिपुरीलाच "६८ वर्षांतला सर्वांत मोठा चंद्र" झाला होता. नोटबंदीचा आठवडा होता.

ध्रुवमत्स्य
रात्री ८.१०

तारीख बरोबर, १४ नोव्हेंबर २०१६. पण दर वर्षी नाही. एका उपभूपासून पुढच्या उपभूपर्यंत साडेसत्तावीस दिवस जातात, आणि पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस. म्हणून दर पौर्णिमेला उपभू दोन दिवस आधी सरकतो. चौदा पौर्णिमा होईपर्यंत पंधरा उपभू होतात आणि जोडी पुन्हा जमते. हे झाले सुमारे ४१३ दिवस, वर्षाहून दीड-एक महिना जास्त. म्हणून पुढची जोडी कार्तिकात नाही, मार्गशीर्षात आहे. २०२६ च्या दत्तजयंतीला, २३ डिसेंबरच्या रात्री. असं सरकत सरकत नऊ वर्षांत वर्तुळ पूर्ण होतं, म्हणून २०१६ नंतर २०२५ ला पुन्हा त्रिपुरी.

आणि त्या ६८ वर्षांच्या मथळ्याचं म्हणाल तर २०१६ ला अंतर होतं सुमारे ३,५६,५०० किमी. १९४८ नंतर इतकी जवळची पौर्णिमा झाली नव्हती हे खरं, आणि पुढची त्याहून जवळची २०३४ मध्ये. पण कालच्यापेक्षा ती जवळ होती पाचशे किलोमीटरच्या आतच. फोकल_लांबींच्या फोटोत तो फरक एका पिक्सेलचा.

बाजीराव_रोड
रात्री ८.२६

एका पिक्सेलवर ६८ वर्षांचा मथळा! मी सकाळी काय म्हणत होतो?

बरं, मग कोजागिरी सुपरमून होती की नाही? एका पेपरने यंदा तीन लिहिले, दुसऱ्याने चार.

मृगशीर्ष
रात्री ८.४४

३,६०,००० किमीच्या आत आला तरच सुपरमून असा नियम काही ठिकाणी वापरतात. त्या हिशोबाने कोजागिरी बाद, कालची आणि ४ डिसेंबरची दत्तजयंतीची बसते. ३ जानेवारीचीही बाद, ती ३,६२,००० ला आहे.

ध्रुवमत्स्य
रात्री ९.०५

आणि नोलचा मूळ नियम होता, सर्वांत जवळच्या अंतराच्या ९० टक्क्यांत. पण ९० टक्के म्हणजे नक्की कसे मोजायचे, त्या महिन्याच्या कक्षेवरून की अख्ख्या वर्षाच्या, यावर एकवाक्यता नाही. काहीजण त्या नियमाने ऑक्टोबर ते जानेवारी अशा चारही धरतात. शब्द खगोलशास्त्रातला नसल्यामुळे निवाडा करायला कोणी बसलेलं नाही. मी स्वतः फक्त किलोमीटर सांगतो आणि नाव ज्याचं त्याने ठेवावं म्हणतो.

बाजीराव_रोड
रात्री ९.१२

हे काही उत्तर झालं नाही.

मृगशीर्ष
रात्री ९.१५

३,६०,००० च ठेवा. कुठेतरी रेघ मारावीच लागते.

ध्रुवमत्स्य
रात्री ९.२२

मग ३,६०,१०० वाल्या पौर्णिमेने काय घोडं मारलंय?

फोकल_लांबी
रात्री १०.३०

रेघेचं तुम्ही बघा. मला पुढची जोडी सांगा, या वेळी आधीपासून ठरवून काढतो. जवळची २३ डिसेंबर २०२६ कळली. त्या वर्षातली सर्वांत लांबची कोणती?

ध्रुवमत्स्य
रात्री १०.४१

३१ मे २०२६, अधिक ज्येष्ठातली पौर्णिमा, पुन्हा ४,०६,००० च्या घरात. चंद्र पूर्ण होतो दुपारी सव्वादोनला, म्हणून ३० ची रात्र किंवा ३१ ची, दोन्ही चालतील. दोन्ही रात्री काढूनच ठेवा, मेअखेरीस वळवाच्या ढगांचा भरवसा नाही. आणि दोन्ही वेळा चंद्र आकाशात शक्यतो सारख्याच उंचीवर असताना काढा, म्हणजे तो अर्धा टक्का मधे येणार नाही. डिसेंबरमध्ये चंद्र पुण्याच्या डोक्यावरून जातो आणि मेमध्ये दक्षिणेकडून बराच खालून. त्यामुळे घड्याळाची वेळ जुळवू नका, क्षितिजापासूनची उंची जुळवा. चाळीस अंश ठरवलेत तर दोन्हीकडे सोयीचं पडेल.

फोकल_लांबी
रात्री १०.५५

चाळीस अंश. लिहून घेतलं. लेन्सच्या झूमला आत्ताच चिकटपट्टी लावतोय.